समरीतली शेवटची ओळ

रायपूरच्या त्या लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर येत आणि जात, यंत्रं बदलत, भिंतींवरचे हत्ती-जिराफ दर दोन वर्षांनी नव्यानं रंगवले जात. शर्मिष्ठा ढोबळे मात्र बावीस वर्षं एकाच खुर्चीवर होत्या. नवजात कक्षाच्या दाराशी काचेची एक खोली होती. तिथे बसून त्या घरी जाणाऱ्या बाळांची कागदपत्रं टाईप करत. या ‘डिस्चार्ज समरी’ला अख्खा दवाखाना नुसतं ‘समरी’ म्हणायचा आणि बाईंना ‘समरीवाली दीदी’. पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं पद ‘अभिलेख सहायक’ असं होतं. ते कोणी उच्चारलं तर त्या स्वतःच मागे वळून पाहायच्या, की हा कोणाला हाक मारतोय.

त्यांचे वडील वर्ध्याचे. रेल्वेत लागले आणि बदली होऊन रायपूरला आले ते इथलेच झाले. शर्मिष्ठाबाई तात्यापाऱ्यात वाढल्या, लग्न होऊन पुरानी बस्तीत गेल्या, म्हणजे स्कूटीनं दहा मिनिटं. घरात मराठी, बाजारात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि पोरगी ज्ञानदा आईच्या प्रत्येक मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची. “जेवली का गं?” “हाँ, खा लिया.” बाईंना त्याचं काही वाटत नसे. अर्थ पोचला की झालं.

अर्थ पोचला पाहिजे, या एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसायच्या. समरी दोघांसाठी असते असं त्यांचं म्हणणं. एक, बाळाला पुढे पाहणारा डॉक्टर. दोन, बाळाला घरी नेणारी माणसं. पहिल्यासाठी ती इंग्रजीत असते. दुसऱ्यांसाठी बाई घरच्या लोकांना समोर बसवून शेवटचं पान मराठीत, हिंदीत, लागेल तसं वाचून दाखवायच्या. हे कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तरुण डॉक्टर यावर हसत, पण दाराशी बाळाला घेऊन उभी असलेली माणसं हसत नसत. मान डोलावत ऐकत.

तर जानेवारीतला गुरुवार होता. रायपूरला बऱ्यापैकी थंडी पडली होती आणि बाई टाईप करताना बोटं चोळत होत्या. समोर डॉक्टर यामिनी यांचा कच्चा मसुदा होता. डॉक्टर यामिनी पुण्याकडची, वर्षभरापूर्वी इथे लागलेली, हुशार, झपाझप काम करणारी. तिच्या हाताखालून बाळं जितक्या वेगानं बरी होत, तितक्याच वेगानं समऱ्याही होत, आणि तिथेच बाईंचं तिच्याशी वाजायचं.

मसुदा सोनिया येरपुडे हिच्या बाळाचा होता. मुलगा. रविवारी दुपारी एक वाजता जन्मला, साडेसदतीस आठवड्यांचा. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी, आणि आईच्या रक्तातून आलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तपेशींना चिकटलेली आहेत हे दाखवणारी कूम्ब्स तपासणी थोडीशी पॉझिटिव्ह. म्हणजे पेशी फुटणार आणि कावीळ वाढणार, हे डॉक्टरांनी आधीच ओळखलं होतं. सोमवारी संध्याकाळी, तीस तासांचं असताना, बाळाचं बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळा अंश, तेरा पूर्णांक चार आलं. त्या वयाला ते जास्तच. लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं. गुरुवारी सकाळी सहाला आकडा आठवर आला तेव्हा दिवा बंद केला, आणि दहा तासांनी पुन्हा रक्त पाहिलं तेव्हा नऊ. थोडं वर येणार हे ठरलेलंच असतं. बाळ दूध पीत होतं, लंगोट भरत होतं, आता घरी जाणार होतं.

हे सगळं मसुद्यात व्यवस्थित होतं. पण शेवटी, ‘पुढे काय’ या मथळ्याखाली, एकच वाक्य होतं: बालरोगतज्ज्ञांना दाखवावे व बिलिरुबिन पाहावे.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “डॉक्टर, हे कधी पाहावे जी?”

“लवकर. उद्या-परवा.” यामिनी उभ्या उभ्या चहा पीत होती.

“उद्या की परवा?”

“बाई, ते बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना कळतं.”

“कळते ना. पण दिवा किती वाजता बंद केला, हे त्यायले कसं कळन? ते काय इथं येऊन पाहून राहिले होते?”

यामिनीनं कप खाली ठेवला. बाई थांबल्या नाहीत. “आणि कशानं पाहावे? तात्यापाऱ्यात ते कपाळाले लावाचं यंत्र आहे बऱ्याच डॉक्टरांकडे. लावलं, आकडा आला, चला घरी. तुम्हीच मागं म्हटलं होतं ना, दिव्याखालून निघालेल्या लेकराले ते चालत नाही म्हणून?”

“चालत नाही असं नाही. दिव्यानं कातडी आधी निवळते, रक्तातला पिवळेपणा मागे राहतो. मग यंत्र कमी दाखवतं. निदान चोवीस तास तरी त्याच्यावर विसंबू नये. आणि या बाळाला तर रक्तच पाहायला हवं.”

“मंग लिहा ना तसं.”

“अजून काय लिहू?” यामिनीच्या आवाजात आता धार आली होती.

“किती आला तर घरी जायचं, किती आला तर इथं फोन करायचा, किती आला तर सरळ घेऊन यायचं. मी डॉक्टर नाही जी. मले आकडे सांगता येत नाहीत. पण जागा रिकामी आहे एवढं दिसते.”

यामिनीनं त्या रिकाम्या जागेवर नजर टाकली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिथल्या तिथे सांगत गेली, आणि बाई टाईप करत गेल्या. दिवा बंद: गुरुवार, सकाळी सहा. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत शिरेतून रक्त घेऊन बिलिरुबिन पाहावे. कपाळाच्या यंत्रावर विसंबू नये. कितीही आला तरी शनिवारी पुन्हा, कारण कूम्ब्स पॉझिटिव्ह आहे आणि आकडा उशिरा उसळू शकतो. पंधराच्या वर गेल्यास नवजात कक्षाला त्याच वेळी फोन. सतराला पोचल्यास, किंवा तासाला शून्य पूर्णांक दोनपेक्षा वेगानं चढत असल्यास, फोनचीही वाट न पाहता पाठवावे. बाळ सुस्त झाले, दूध ओढेनासे झाले, किंवा कर्कश रडू लागले तर आकडा न पाहताच. दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन, कारण पेशी हळूहळू फुटत राहू शकतात. त्या वेळेपर्यंत पिवळेपणा उरलाच तर यकृताची शंका म्हणून बिलिरुबिनचा थेट भागही पाहावा, आणि शीचा रंग फिका आहे का हे विचारावे.

“झालं?” यामिनी म्हणाली.

“झालं. आता कसं घरच्यासारखं वाटते.”

यामिनी हसली. मग तिला काहीतरी आठवलं. “थांबा, एक राहिलं. जी-सिक्स-पी-डीचा रिपोर्ट यायचाय. मुलगा आहे आणि आपल्या भागात रक्तपेशी सांभाळणाऱ्या या द्रव्याची कमतरता सापडते. लिहा: रिपोर्ट येईपर्यंत मॉथबॉल्स टाळावेत.” तिनं स्पेलिंग सांगितलं आणि फोन वाजला म्हणून निघून गेली.

बाईंनी ते टाईप केलं. आणि खरं सांगायचं तर, मॉथबॉल्स म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी काविळीच्या शेकडो समऱ्या केल्या होत्या, पण हा शब्द कधी आला नव्हता. इतर डॉक्टर दुसराच कोणतातरी शब्द वापरत असावेत. विचारायला हवं होतं. पण मोठी लढाई त्यांनी नुकतीच जिंकली होती आणि अंगात विजयाची ऊब होती. जिच्याकडून आत्ताच दहा ओळी काढून घेतल्या तिच्या मागे धावत जाऊन “ओ डॉक्टर, याचा अर्थ काय?” असं विचारणं त्यांना जड गेलं. बॉल्स म्हणजे चेंडू, एवढं तर पोरासोरांनाही कळतं. असेल काहीतरी खेळणं, तोंडात घालायचे रबरी गोळे वगैरे. मोठ्या डॉक्टरांची सही आणली आणि पाकीट तयार केलं.

संध्याकाळी बाळाचे आईबाप समोर बसले. वेदांत येरपुडे उरला औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये होता, पाळीवरून थेट आला होता आणि डोळ्यांत झोप होती. सोनियाच्या मांडीवर बाळ होतं. बाईंनी बिलिरुबिनचा भाग दोनदा वाचून दाखवला, मग वेदांतकडून म्हणवून घेतला.

“कल दस बजे के पहले, नस का खून. परसों फिर से. पंद्रह के ऊपर फोन. सत्रह पे सीधा इधर.”

“शाबास. आणि शेवटी,” बाईंनी घसा साफ केला, “लेकराच्या तोंडात खेळणी-बिळणी देऊ नका. बॉल वगैरे.”

सोनियानं चार दिवसांच्या बाळाकडे पाहिलं. मुठी आवळून ते झोपलं होतं. “दीदी, ये बॉल खेलेगा?”

“आत्ता नाही गं. सावध असलेलं बरं.”

शुक्रवारी दुपारी फोन आला. तात्यापाऱ्यातले डॉक्टर रामकृष्ण पांढरीपांडे बोलत होते. सत्तरीला टेकलेले, आडनाव जितकं लांब तितकंच बोलणं तोकडं, आणि त्या दिवशी त्यांना कडाक्याची सर्दी झाली होती.

“बी पांढरीपांडे. ती सबरी कोदी लिहिली?”

बाई सावरून बसल्या. “कोणती जी?”

“येरपुडेंच्या दातवाची. शेवटचं पाद.”

क्षणभर बाईंना काहीच उमगेना, मग ‘नातवाची’ आणि ‘शेवटचं पान’ हे लागलं. “काहून डॉक्टर? काही चुकलं का?”

“चुकलं दाही. चाळीस वर्षात पहिल्यांदा कोदी वेळ लिहिली. दिवा कधी बंद केला ते. आकडा अकरा पूर्णांक दोद. उद्या पुन्हा बोलावलं आहे.” आणि फोन ठेवला. दुसरं कोणी असतं तर एवढ्याला कौतुक म्हणालं नसतं. बाईंनी ते संध्याकाळपर्यंत तीन जणांना सांगितलं, त्यांतल्या दोघांना आवाजासकट.

शनिवारी अकरा वाजता पुन्हा तोच आवाज. या वेळी तो आणखी तोकडा झाला होता.

“पंधरा पूर्णांक सहा.”

बाईंनी कालचा आकडा आठवला. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त. त्यांनी फोन यामिनीच्या हातात दिला. यामिनीनं कागदावर गुणाकार-भागाकार केला, वेग शून्य पूर्णांक दोनच्या जरासा खाली होता, पण पंधराची रेघ ओलांडली होती. तिनं मोठ्या डॉक्टरांशी दोन वाक्यं बोलून फोनवर सांगितलं, “सर, वाट नको पाहायला. पाठवून द्या.”

“पाठवलंच आहे. रिक्षात बसले. शिंक आली दसती तर आधीच बोललो असतो.”

साडेअकराला येरपुडे कुटुंब आलं. वेदांत पाळीवर गेला होता. सोनिया बाळाला छातीशी धरून होती आणि पुढे होते तिचे सासरे, श्यामराव येरपुडे. रेल्वेच्या भांडारात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. उंच, ताठ, डोक्यावर माकडटोपी, काखेत दोरी बांधलेली जाड फाईल. बाळ आत गेलं, यामिनी त्याच्यामागे, सोनियाही आत. श्यामराव बाईंच्या काचेच्या खोलीसमोर उभे राहिले.

“भरती करायची आहे म्हणते. कागद आणले आहेत. सगळे अनुक्रमानं लावले आहेत. जन्माचा, रक्ताचा, तुमचं पत्र, कालचा रिपोर्ट, आजचा रिपोर्ट.”

“द्या जी.”

श्यामरावांनी दोरी सोडली आणि फाईल उघडून टेबलावर ठेवली. बाई पुढे वाकल्या आणि तशाच मागे झाल्या. फाईलीतून असा काही वास आला की नाकातून मेंदूत गेला. लहानपणी आजीची लोकरीची शाल काढली की यायचा, तो. समरीच्या कागदालाही तोच वास लागला होता.

“हा कशाचा वास?”

“डांबराच्या गोळ्या. दोन ठेवल्या आहेत कोपऱ्यात, कागद खराब होत नाही. भांडारात आपण छत्तीस वर्षं हेच केलं. कसर नाही लागली कधी.” श्यामराव अभिमानानं म्हणाले. “घरी तर पेटीत भरपूर. वेदांतचे लहानपणचे स्वेटर, टोपडी, दुपटी, सगळे मी तीस वर्षं जपून ठेवले. गुरुवारी पोट्टा घरी आला तसे काढले. एक धागा हलला नाही पाहा. अंगात आहे ना आत्ता, तेच.”

बाई हसणारच होत्या. पण कागदाच्या तळाशी, वासाच्या अगदी जवळ, शेवटची ओळ होती, आणि त्या ओळीत तो शब्द होता. बॉल्स. गोळ्या.

खुर्ची मागे ढकलून त्या आत धावल्या. बावीस वर्षांत बाईंना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. परिचारिका भिंतीला चिकटून उभी राहिली.

“डॉक्टर, मॉथबॉल्स म्हणजे काय?”

यामिनी बाळाच्या टाचेतून रक्त घेत होती. “काय?”

“मॉथबॉल्स. तुम्ही सांगितले ते. डांबराच्या गोळ्या का?”

“हो, डांबरगोळ्या. नॅफ्थलिन. ज्यांना जी-सिक्स-पी-डी कमी असतं, त्यांच्या रक्तपेशी त्यानं फुटतात. कपड्यांना लागलं तरी, नुसत्या वाफेनंसुद्धा. का?”

बाईंनी बाळाच्या अंगातल्या पिवळ्या स्वेटरकडे बोट केलं. तो सुबक होता, हातानं विणलेला, छातीवर बदक. यामिनी खाली वाकली, हुंगलं, आणि तिचा चेहरा बदलला. “काढा. सगळं काढा. टोपडं, दुपटं, सगळं. पिशवीत बांधून बाहेर न्या. आणि अंग पुसून घ्या.”

पुढची पंधरा मिनिटं भराभर गेली. बाळाला उघडं करून दिव्याखाली ठेवलं. बिलिरुबिन सोळा पूर्णांक तीन. हिमोग्लोबिन सोळावरून चौदाच्या खाली उतरलं होतं. काचपट्टीवर कुरतडल्यासारख्या पेशी दिसल्या. यामिनीनं प्रयोगशाळेला फोन लावून सोमवारी पाठवलेल्या तपासणीचं काय झालं ते विचारलं. रिपोर्ट तयार होता, आजच पाठवणार होते. जी-सिक्स-पी-डी कमी. मोठे डॉक्टर आले, त्यांनी दर चार तासांनी आकडा पाहायला सांगितलं, आणि वेळ आलीच तर रक्त बदलायची तयारी असावी म्हणून रक्तपेढीला कळवून ठेवलं. अचानक उसळी घेणारं हे प्रकरण असतं. कपड्यांचं कळलं नसतं तर आपण चार तासांनी नव्हे, दहा-बारा तासांनी पाहिलं असतं, असं ते म्हणाले.

बाई परत आपल्या खोलीत आल्या. श्यामराव तसेच उभे होते, हातात स्वेटर-टोपड्यांची बांधलेली पिशवी. परिचारिकेनं त्यांना बहुतेक सगळं सांगितलं होतं. ताठ माणूस जरासा वाकला होता.

“मी वाचलं होतं,” ते म्हणाले. “भिंग घेऊन वाचलं. वेदांत सांगे की खेळण्याचं लिहिलं आहे. म्हटलं, दीदीले काय समजते! चार दिवसाच्या लेकराले कोण खेळणी देते? एम-ओ-टी-एच, मोठ. मोठ म्हणजे मटकी. इथं बाजारात मोठच म्हणतात तिले. मोठ बॉल्स, म्हणजे मटकीचे गोळे. वडे. बाळंतिणीले वातूळ, बरोबरच आहे म्हटलं. घरातली सगळी मटकी शेजारी देऊन टाकली.”

सोनिया तेवढ्यात बाहेर आली होती. डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. “दो दिन से बाबूजी मटकी का नाम नहीं लेने दे रहे, दीदी. मुझे लगा मटकी से पीलिया होता है.”

“नॅफ्थलिन लिहिलं असतं ना,” श्यामराव म्हणाले, “तर मले एका झटक्यात कळलं असतं. भांडाराच्या रजिस्टरात छत्तीस वर्षं तेच लिहिलं मी. नॅफ्थलिन बॉल्स, किलोमध्ये.”

इथे बाईंना गप्प बसता आलं असतं. मटकीच्या वड्यांपुढे त्यांची रबरी खेळणी कोणाच्या लक्षातही राहिली नसती. पण श्यामराव मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्या मटकीपेक्षा आपला चेंडू काही शहाणा नव्हता, हे बाईंना चांगलंच ठाऊक होतं.

“श्यामरावजी, चूक तुमची नाही. मलेच तो शब्द कळला नव्हता. विचाराले लाज वाटली. आणि वरून खेळणी म्हणून सांगून मोकळी झाली. तुम्ही निदान भिंग तरी घेतलं.”

आतून यामिनी आली होती आणि दारात थांबून ऐकत होती. “आणि मी तरी काय लिहिलं?” ती म्हणाली. “पुण्यात लहानपणी आम्ही डांबरगोळ्याच म्हणायचो. वॉर्डात येऊन पुस्तकातला शब्द लिहिला.”

श्यामरावांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, “पोट्टा कसा आहे?”

“दिव्याखाली झोपला आहे. चष्मा लावून.” डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीला यामिनी चष्मा म्हणायची.

बाळानं त्या दिवशी सगळ्यांना दमवलं. दुपारी चारला सोळा पूर्णांक सात. परिचारिकेनं रक्तपेढीचा नंबर समोर काढून ठेवला. रात्रीची पाळी येईपर्यंत साडेपंधरा, आणि रविवारी सकाळी साडेतेरा. रक्त बदलायची वेळ आली नाही. सोमवारी दुपारी नऊवर आल्यावर दिवा बंद झाला. मधल्या काळात श्यामरावांनी घर धुऊन काढलं. पेट्या अंगणात उन्हात, सगळे लोकरीचे कपडे दोन-दोनदा गरम पाण्यातून, गोळ्या घट्ट डब्यात बंद करून घराबाहेर. आणि तरीही, पुढे महिनाभर बाळाला त्यातला एकही कपडा घालायचा नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. फक्त बदकाचा स्वेटर त्यांना फार लागला. तो त्यांच्या पत्नीनं विणला होता, आणि ती गेली तेव्हा वेदांत दहावीत होता. बाईंना हे सोनियानं सांगितलं. त्यांनी श्यामरावांसाठी चहा मागवला.

मंगळवारी दुसरी समरी झाली. यामिनी खुर्ची ओढून बसली आणि तिनं स्वतःहून विचारलं, “बाई, कुठून सुरू करू?” दिवा बंद केल्याची वेळ, रक्त कधी पाहायचं, कोणत्या आकड्याला काय, सगळं आलं. दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन, आणि तीन महिन्यांनी जी-सिक्स-पी-डी पुन्हा. ‘टाळण्याच्या गोष्टी’ या मथळ्याखाली नॅफ्थलिन, आणि त्याखाली मराठीत डांबरगोळ्या, हिंदीत फिनाइल की गोली. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंही औषध नाही, घरगुतीही नाही. श्यामरावांनी प्रत्येक ओळीला भिंग लावलं. बाईंनी प्रत्येक ओळ त्यांच्याकडूनच वाचून घेतली. दोन ठिकाणी बाईंनी त्यांचा उच्चार दुरुस्त केला. एका ठिकाणी श्यामरावांनी बाईंचा.

“हव,” शेवटी श्यामराव म्हणाले, “आता भांडारासारखा कागद झाला.”

फेब्रुवारीत तात्यापाऱ्याहून टपालानं एक चिठ्ठी आली. आजकाल कोणी टपालानं चिठ्ठी पाठवत नाही, पण डॉक्टर पांढरीपांडे पाठवत. सर्दी गेली होती, अक्षर मात्र सर्दी झाल्यासारखंच होतं. बाईंनी खिडकीशी नेऊन, मग दिव्याखाली धरून वाचायचा प्रयत्न केला. हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक आठ, हे लागलं. बिलिरुबिन तीन. वजन तीन किलो चारशे. खाली एक ओळ होती, ती काही केल्या लागेना. दोन अक्षरं ओळखू आली, मधलं ‘श’ होतं की ‘रा’, कळेना.

बाईंनी अंदाज बांधायला सुरुवात केली होती. मग थांबल्या, फोन उचलला आणि तात्यापाऱ्याला लावला.

“डॉक्टर, शर्मिष्ठा ढोबळे बोलून राहिली. तुमची खालची ओळ मले वाचता येत नाही. काय लिहिलं आहे जी?”

पलीकडे ते आपल्याकडची नक्कल शोधू लागले. कागद सरकल्याचा आवाज.

“थांबा,” डॉक्टर पांढरीपांडे म्हणाले. “मलाही लागत नाही. उद्या ते आजोबा पोट्ट्याला घेऊन येणार आहेत. त्यांच्याकडे भिंग आहे.”